तुमी सांगा, आमी पायतो

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची बैठक ठरली होती. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. आदल्या रात्री पाऊस असा कोसळला, की नाल्यावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला आणि आम्ही यवतमाळातच अडकलो. कीटकशास्त्राचे सर लॅपटॉपमध्ये बावीस स्लाइड घेऊन तयार होते. बैठक पुढे ढकलावी तर पऱ्हाटी फुलावर आलेली, आठवडा गेला म्हणजे गेला. शेवटी संध्याकाळी सात वाजता फोनवर कॉन्फरन्स घ्यायचं ठरलं. ही सोय आमच्या संस्थेकडे पूर्वीपासून आहे. यादीतल्या सगळ्या नंबरांना एकाच वेळी फोन जातो, शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत, बटणाचा साधा मोबाईलही चालतो. बोलणारा बोलत असताना बाकी सगळ्यांचे आवाज बंद असतात. कुणाला विचारायचं असेल तर त्याने एक बटण दाबायचं. माझ्या पडद्यावर त्याच्या नंबरापुढे हाताची खूण उमटते आणि मी त्याची लाईन उघडते.

सरांनी हॉलमध्ये बोलतात तसंच बोलायला सुरुवात केली. "आता या स्लाइडवर तुम्हाला दिसेल, इथे ही जी अळी आहे, ती अशी आत शिरते." दोन मिनिटांत एक हात वर झाला. मी लाईन उघडली. मागे पावसाचा पत्र्यावरचा आवाज, एक वासरू ओरडत होतं, आणि एक वयस्कर माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, आमाले त काईच दिसत नाई. पण तुमी सांगा ना, आमी पायतो."

सर क्षणभर थांबले. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "तुम्ही सांगा. मी मधे मधे बोलतो."

त्या शेतकऱ्याच्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते माझ्या मनातून जाईना. बघण्याचं काम आम्ही करू, तुम्ही फक्त बघता येईल असं सांगा, इतकी स्वच्छ वाटणी त्या माणसाने करून दिली होती. तेव्हापासून फोनवर जायची प्रत्येक मांडणी मी आधी बोलून बघते. ती बोलताना काय गळतं, काय घालावं लागतं, कशाला किती वेळ जातो याचं मला वेडच लागलं आहे म्हणा ना.

गळतात ते पहिले शब्द म्हणजे "इथे", "ही", "अशी", "इतकी", "या बाजूला". हॉलमध्ये हे शब्द बोटाचं काम करतात. बोलणारा हात दाखवतो, लेझरचा लाल ठिपका फिरवतो, अर्धं बोलणं त्या हातातच असतं. फोनवर हात गेला, की हे शब्द पोकळ होतात आणि बोलणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्यासमोर स्लाइड असतेच. म्हणून एखादे नवे सर किंवा मॅडम आले, की मी त्यांना लॅपटॉप बंद करून एकच स्लाइड सांगायला लावते. तोंडात "इथे" आलं, की थांबायचं आणि त्या जागेचं नाव घ्यायचं. इथे म्हणजे देठाजवळ. इथे म्हणजे बोंडाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. पहिले काही दिवस माणूस अडखळतो. मग त्याला स्वतःलाच कळतं, की आजवर आपण जागेचं नाव न घेताच बोलत होतो.

नाव आलं तरी क्रम लागतोच. तो मला आजीमुळे ठाऊक होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनची तिला भीती वाटे. रविवारी दूरदर्शनवर सिनेमा लागला, की मला तिच्या पाटाशेजारी बसून सांगावं लागे. मी पोरवयाच्या घाईने सांगायची, "तो रडतोय, तिने थप्पड मारली!" आजी माझा दंड धरायची. "थांब. आधी जागा सांग. घर आहे का रस्ता? मग किती माणसं आहेत ते सांग. मग काय चाललंय ते." मी कुरकुरत का होईना सांगायची, घर आहे, तिघं आहेत, एक खुर्चीत, दोघं उभे. मग ती मान हलवायची. तिचं चित्र उभं राहिलेलं असायचं आणि त्यानंतरची थप्पड तिला माझ्याहून नीट दिसायची. आधी रिकामी खोली, मग खोलीतली माणसं, मग त्यांचं वागणं. आजही कुठलीही स्लाइड मी याच क्रमाने सांगते: कितवी स्लाइड, ती फोटो आहे की आलेख की तक्ता, तिच्यात किती गोष्टी आहेत, आणि मगच त्या गोष्टी. "स्लाइड चौथी, एक फोटो, त्यात दोन फुलं" एवढं सांगायला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंद वाचवली, तर पुढची दोन मिनिटं ऐकणारा कुठे काय ठेवावं हे शोधत बसतो.

ही चौथी स्लाइड म्हणजे डोमकळीची, आत अळी शिरल्यामुळे न उमललेल्या फुलाची. सगळ्या मांडणीत सांगायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची. पत्रकांमध्ये लिहिलेलं असतं, की डोमकळी गुलाबाच्या अर्धवट उमललेल्या कळीसारखी दिसते. वाचताना बरोबर वाटतं. फोनवर ऐकणाऱ्याने मात्र घरापुढच्या गावरान गुलाबाची कळी डोळ्यासमोर आणली, तर ती टवटवीत, सुंदर असते. बिघडलेल्या फुलाची खूण म्हणून ती उपयोगाची नाही. त्यातून कपाशीचं चांगलं फूलसुद्धा दुसऱ्या दिवशी रंग बदलतं. पहिल्या सकाळी ते दुधाळ पिवळसर उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं आणि सुकतं. गुलाबी आणि मिटलेलं, हे वर्णन दोघांनाही लागू पडतं. एकीकडे डोमकळी, दुसरीकडे साधं शिळं फूल. फोटोत डोळा हा फरक एका झटक्यात ओळखतो. शब्दांना तो ओळखायला शिकवावं लागतं.

सरांनी आणि मी त्यावर बराच वेळ घालवला. शेवटी जे ठरलं ते असं बोलायचं: "स्लाइड चौथी. एक फोटो. सकाळची वेळ आहे. एकाच झाडावर दोन फुलं आहेत. आधी चांगलं फूल डोळ्यासमोर आणा. पाच पाकळ्या, बाहेर पसरलेल्या, मधला पिवळा दांडा मोकळा दिसतो. आता दुसरं फूल. हे त्याच दिवसाचं आहे, रंगही तसाच दुधाळ पिवळसर आहे, पण उघडलेलं नाही. पाकळ्या एकमेकींभोवती पीळ दिल्यासारख्या वळल्या आहेत आणि वरच्या टोकाला चिकटल्या आहेत. मधला दांडा दिसत नाही. देठ मात्र ताजा, हिरवा आहे, फूल सुकलेलं नाही. ही डोमकळी. बोटांनी पाकळ्या सोडवायला गेलात तर सहज सुटत नाहीत, कारण आतल्या अळीने त्या धाग्याने बांधल्या आहेत. सोडवल्यावर आत अळी सापडते."

यात प्रत्येक वाक्याला काम आहे. चांगलं फूल आधी येतं, कारण ते सगळ्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. ते डोळ्यासमोर आलं, की दुसऱ्या फुलात काय बदललं एवढंच सांगायचं उरतं. सकाळची वेळ मुद्दाम सांगितली, कारण संध्याकाळी शेतात गेलं तर सगळीच फुलं मिटायला लागलेली दिसतात. देठ ताजा आहे हे शिळ्या फुलापासून वेगळं काढण्यासाठी. आणि शेवटी बोटांनी करून बघायची खूण, कारण ऐकणाऱ्याला उद्या पहाटे फोटो नव्हे, झाड समोर असणार आहे. "भयंकर नुकसान", "अतिशय घातक" असले शब्द सरांच्या स्लाइडवर लाल अक्षरांत होते. ते मी बोलत नाही. त्यांनी धास्ती बसते, चित्र उमटत नाही. काय दिसतं ते आधी, त्याचा अर्थ मागाहून आणि वेगळ्या वाक्यात. दोन्ही एकत्र झालं, की ऐकणारा अर्थ धरतो आणि खूण विसरतो.

अळीच्या फोटोत वेगळीच अडचण. सरांनी तो भिंगातून घेतलेला, अळीने सगळी स्लाइड व्यापलेली. मी एका कॉलमध्ये ती स्लाइड सांगितल्यावर एका बाईंनी विचारलं, "ताई, एवढी मोठी अळी बोंडात मावते कशी?" त्यांनी विचारलं म्हणून कळलं, की मोठ्या फोटोचं माप आधी सांगावं लागतं. पूर्ण वाढलेली अळी साधारण बारा मिलीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या रुंदीहून थोडी कमी. अंड्यातून नुकती निघालेली तर एक मिलीमीटरची. हे माप पहिल्या वाक्यात आलं नाही, तर पुढचं सगळं वर्णन चुकीच्या आकाराच्या अळीला चिकटतं.

रंगाचंही तसंच. नावात गुलाबी आहे. माणूस बोंड फोडतो, आत बारीक पांढुरकी अळी दिसते आणि तो निर्धास्त होतो, ही गुलाबी नाही म्हणून. लहान वयात ती पांढुरकीच असते, डोकं तेवढं गडद तपकिरी. गुलाबी छटा नंतर येते. फोटो बहुतेक वेळा मोठ्या, छान गुलाबी अळीचा असतो, कारण तो चांगला निघतो. मी फोटोत नसलेली लहान अळीही सांगते. एखाद्याला वाटेल, स्लाइडवर नाही ते कशाला सांगायचं. पण शेतातल्या माणसाला लहान अळी सापडली तरच काही करता येतं. मोठी सापडेपर्यंत आतली सरकी खाऊन झालेली असते, रुई डागाळलेली असते आणि वेचणीला कवडी, म्हणजे किडका कापूस, हाती येते.

२०१७ चा हंगाम आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्या साली कित्येकांनी बाहेरून हिरवीगार, भरलेली बोंडं पाहून शेत चांगलं आहे असं मानलं होतं. अळी आत शिरली, की तिचं भोक बुजून जातं. वरून बोंड साबूत दिसतं. त्यामुळे नुसत्या बोंडाचा कितीही चांगला फोटो दाखवला तरी तो काही सांगत नाही, फोडलेल्या बोंडाचाच दाखवावा लागतो. इथे मला फोन हॉलपेक्षा चांगला वाटू लागला.

कारण फोनवर फोटोऐवजी बोंडच वापरता येतं. कॉलच्या आदल्या दिवशी निरोप जातो: शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, वेगवेगळ्या झाडांची, हिरवी आणि अजून न फुटलेली वीस बोंडं तोडून आणा, आणि विळी किंवा चाकू जवळ ठेवा. मग स्लाइड सांगायची तशी नाही सांगायची, हातातलं बोंड सांगायचं. "देठ वरच्या बाजूला धरा. बोंडावर उभ्या शिरा दिसतील, चार किंवा पाच. एका शिरेवर अंगठ्याने दाबा, तिथे ते फुटतं. कप्पा उघडा. रुई ओली आणि पांढरीशुभ्र आहे का? कुठे पिवळट डाग आहे का? दोन कप्प्यांमधला पडदा उजेडाकडे धरा. त्याला बारीक गोल छिद्र आहे का?" हॉलमध्ये लोक भिंतीकडे बघतात. इथे प्रत्येकाची नजर स्वतःच्या शेतावर असते. वीस बोंडांपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिने केलेलं नुकसान सापडलं, की दहा टक्के झाले, म्हणजे फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली. हा हिशेब कुणाला वहीत लिहावा लागत नाही. किडकी बोंडं डाव्या हाताला ठेवायची, चांगली उजव्या हाताला. शेवटी डावीकडचा ढीग मोजायचा.

यात एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे शांतता. फोनवर तीन-चार सेकंद कुणी बोललं नाही, की लोकांना वाटतं लाईन कटली. काही जण फोन ठेवून देतात. म्हणून थांबण्याआधी सांगायचं, "आता मी दोन मिनिटं बोलणार नाही, तुम्ही बोंडं फोडा, मी लाईनवरच आहे." आणि मधूनच एखादा शब्द टाकायचा, "फोडताय ना? अजून एक मिनिट." त्या दोन मिनिटांत मला काहीही दिसत नाही. एकदा आमचा तिथला सहकारी एका ओट्यावर बसला होता, त्याने नंतर सांगितलं. फोन मधे, स्पीकरवर, उलट्या स्टीलच्या पेल्यावर ठेवलेला. भोवती सात-आठ माणसं आणि दोन बाया, सगळ्यांच्या मांडीवर बोंडं, आणि पोरं टॉर्च धरून उभी. कुणी बोलत नव्हतं. नुसता बोंडं फुटल्याचा आवाज. मी इकडे घड्याळाकडे बघत बसले होते आणि तिकडे एवढं सगळं चाललं होतं, हे ऐकून मला आनंद झाला आणि जरा हेवाही वाटला.

आलेख मात्र हातात देता येत नाही. शेतात कामगंध सापळे लावतात, हेक्टरी पाच, पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर. आतल्या गोळीचा वास मादीच्या वासासारखा, त्याला भुलून नर पतंग येतात आणि अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे. एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा त्याहून जास्त पतंग, असं सलग तीन रात्री झालं, तर ती धोक्याची पातळी. सरांच्या स्लाइडवर याचा रेघेचा आलेख होता. पहिल्या वेळी सर म्हणाले, "रेघ हळूहळू वाढत जाते, मग झपकन वर जाते आणि खाली येते." ऐकायला नीट आहे. पण या एका वाक्यावर दहा माणसांना आलेख काढायला सांगितला, तर दहा वेगळे आलेख निघतील आणि त्यातले निम्मे धोक्याच्या पातळीपर्यंत पोचणारही नाहीत.

समजण्यासाठी एका आठवड्याचे आकडे घेऊ: सोमवारी दोन पतंग, मग तीन, पाच, नऊ, आठ, अकरा, आणि रविवारी चार. हा आलेख मी असा सांगते: "स्लाइड सहावी, आलेख. एका सापळ्यात रोज किती पतंग सापडले, ते यात आहे. डावीकडून उजवीकडे सात दिवस, सोमवार ते रविवार. खालून वर पतंगांची संख्या, शून्य ते बारा. आणि एक आडवी तुटक रेघ आहे, आठवर. ती धोक्याची." इथवर फक्त रिकामी खोली झाली. मग म्हणते, "उभे राहा. हात पुढे धरा. गुडघा म्हणजे शून्य. कंबर म्हणजे आठ. छाती म्हणजे बारा. आता मी दिवस सांगते, तुम्ही हात न्या. सोमवार दोन, गुडघ्याच्या जरा वर. मंगळवार तीन. बुधवार पाच, मांडीच्या वर, पण कंबरेखालीच. गुरुवार नऊ, कंबर ओलांडली. शुक्रवार आठ, बरोबर कंबरेवर. शनिवार अकरा, छातीला लागत आला. रविवार चार, पुन्हा मांडीवर. आता सांगा, हात कंबरेवर किंवा त्याच्या वर किती दिवस होता, आणि ते दिवस लागोपाठ होते का?"

"तीन दिवस, लागोपाठ," असं उत्तर येतं, आणि ते आलेख बघून आलेलं असतं. मग मी दुसऱ्या आठवड्याचे पाच दिवस सांगते: नऊ, तीन, दहा, दोन, नऊ. हात कंबरेच्या वर तीनदा गेला, पण प्रत्येक वेळी खाली आला. हे तीन दिवस मोजायचे नाहीत. कागदावर पहिला आलेख टेकडीसारखा दिसतो आणि दुसरा करवतीच्या दातांसारखा. डोळ्याला हा फरक कळावा म्हणूनच तर आलेख काढलेला असतो, नाहीतर सात आकडे वाचून दाखवले असते तरी चाललं असतं. आलेखाकडे कुठला प्रश्न घेऊन बघायचं ते आधी ठरवलं, की काय सांगायचं ते आपोआप ठरतं. इथे प्रश्न सलगपणाचा होता. बाकी रेघेचा रंग निळा, खाली संस्थेचं बोधचिन्ह, हे सगळं सोडलं तरी चालतं. कुणीतरी विचारतंच, रविवारी चारवर आलं म्हणजे धोका टळला का? नाही टळला. पावसाच्या रात्री सापळ्यात पतंग कमी येतात. शनिवारीच पातळी गाठली होती, आता वीस बोंडं फोडून बघायची.

आकड्यांची आणखी एक भानगड आहे आणि ती ऐकू येण्याची आहे. साध्या फोनवरून आवाजाचा एक पट्टाच जातो, साधारण तीनशे ते साडेतीन हजार हर्ट्झपर्यंतचा. स, श, फ अशा सळसळत्या व्यंजनांचा बराचसा भाग याच्या वर असतो, तो गळतो. त्यात आपले आकडे एकमेकांच्या इतके जवळ. पंचवीस आणि पस्तीस, सत्तावीस आणि सदतीस, एकोणपन्नास आणि एकोणसाठ. समोर पाऊस आणि मागे ट्रॅक्टर असेल तर हे कान लावूनही वेगळे होत नाहीत. पतंगांच्या संख्येत गडबड झाली तर एक वेळ निभावतं. दहा लिटर पाण्याला किती मिली औषध, यात गडबड झाली तर पीक जळतं, किंवा फवारणाऱ्या माणसाला विषबाधा होते. आमच्या जिल्ह्याला ते वेगळं सांगायला नको. म्हणून औषधाचा प्रत्येक आकडा दोनदा आणि दोन रीतींनी बोलायचा: "पंचवीस मिली. दोन आणि पाच, पंचवीस. वीसच्या वर पाच." आणि त्याच रात्री तेवढाच मजकूर मेसेजने पाठवायचा. इंटरनेट नसलेल्या फोनवरही मेसेज पोचतो.

अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये माणसं येत-जात राहतात. कुणाची रेंज जाते, कुणाला म्हैस सुटली म्हणून उठावं लागतं, परत जोडला जातो तेव्हा पाचवी स्लाइड चालू असते. हॉलमध्ये उशिरा आलेला माणूस पडद्यावर नजर टाकून समजून घेतो. फोनवर नजर टाकायला काही नाही. याचं उत्तर मला बाबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये सापडलं. बाबा बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत. त्यांना मधेच कुणी हाक मारली तरी परत आल्यावर पाच मिनिटांत सगळं कळायचं, कारण षटक संपलं की धावसंख्या, किती बाद, कोण खेळतंय हे पुन्हा यायचंच. मीही प्रत्येक स्लाइड संपली की दोन वाक्यांत जागा सांगते. "आतापर्यंत डोमकळी पाहिली, बोंडं फोडली. आता सापळ्याच्या आलेखावर जातोय." पहिल्यापासून ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटत नाही. त्यालाही तेवढाच श्वास मिळतो.

या सगळ्याला वेळ लागतो. एक फोटो नीट सांगायला दीड-दोन मिनिटं, आलेखाला पाच. बावीस स्लाइडपैकी फोनवर सहा उरतात. सरांना पहिल्यांदा हे फार लागलं. मेहनतीने केलेली तालुक्यांची रंगीत नकाशाची स्लाइड गेली. तिथे मी गडद लाल, फिकट लाल असं काही न सांगता रस्त्याच्या क्रमाने तालुक्यांची नावं घेते आणि प्रत्येकापुढे जास्त, मध्यम किंवा कमी असा एक शब्द. बारा ओळी आणि पाच रकान्यांचा औषधांचा तक्ताही गेला. तक्ता ओळीने वाचला, की तिसऱ्या ओळीला ऐकणारा हरवतो. त्याऐवजी, पेरणीला किती दिवस झाले ते विचारायचं आणि त्याला लागू असलेली एकच ओळ सांगायची.

आणि शेवटी "समजलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात, भिडेपोटी. मी एखादी लाईन उघडून म्हणते, "काका, आता तुम्ही मला डोमकळी सांगा, मी तुमच्या शेतात उभी आहे असं समजा." एकदा एक काका म्हणाले होते, "सकायी जा. बाकी फुलं हासते अन् हे एक तोंड मिटून बसते. देठ हिरवा हाये, म्हणजे मेलं नाई. धरून सोडवा, सुटत नाई." सरांनी लगेच वही ओढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. त्यानंतर आमच्या चौथ्या स्लाइडच्या वर्णनात ते आहे.

सगळंच असं सांगता येत नाही, हेही आता कळलं आहे. लाल्याची स्लाइड आम्ही फोनवरून काढून टाकली. पानं लाल होतात ती कधी मॅग्नेशियम कमी पडल्याने, कधी तुडतुड्यांमुळे. एकात शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो, दुसऱ्यात कडा आधी पिवळ्या-लाल होतात आणि पान मुडपतं. हे वाक्य म्हणून बरोबर आहे. पण शेतात बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं, छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. ऐकणारा मग आपल्या पानात तेच बघतो जे मी शेवटी बोलले. त्याने मला उलट सांगितलं तरी त्याचा लाल आणि माझा लाल एक आहे की नाही, हे ठरवायला आमच्यात काहीच साधन नाही. सर म्हणाले, मी वर्णनावरून औषध सांगणार नाही. ते बरोबरच होतं. आता लाल्याचा प्रश्न आला, की आम्ही एवढंच सांगतो: वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं तोडा, प्रत्येकावर पेनाने खूण करा, ओल्या फडक्यात नव्हे, कोरड्या वर्तमानपत्रात ठेवा, आणि सकाळच्या एसटीने येणाऱ्या कुणाकडेही द्या. दुपारपर्यंत सर ती पानं बघतात आणि संध्याकाळी त्या एका माणसाला फोन करतात.

त्या फोनवर मात्र ते पुन्हा सांगायला बसतात. "तुमचं मधलं पान आता माझ्या हातात आहे. देठ माझ्याकडे आहे, टोक तुमच्याकडे आहे असं समजा. आता डाव्या कडेपासून सुरू करू."